वेबिनारच्या स्लाइड्स आणि ट्रान्सक्रिप्टमधून मिनिट्स: कोण करणार, कधीपर्यंत करणार?

पिंपळपान | मंगळवार, 18 मार्च 2025, संध्याकाळी 6:12

मंडळी, मदत हवी आहे आणि घाईत हवी आहे.

आमची वाहनांच्या सुट्या भागांची ट्रेडिंग कंपनी. चाकणला मुख्य ऑफिस, शिवाय चार ब्रँचेस. वार्षिक उलाढाल साधारण 40 कोटी. आज सकाळी जीएसटी कन्सल्टंट बाईंनी सगळ्या ब्रँचेससाठी ई-इनव्हॉइसवर वेबिनार घेतला. 1 एप्रिलपासून बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत ते पोर्टलवर चढवलं नाही तर पोर्टल ते घेणारच नाही, हा विषय. 28 स्लाइड्स, 74 मिनिटं.

आता साहेब म्हणतात, "स्लाइड्स आहेत, ट्रान्सक्रिप्ट आहे, उद्या दुपारपर्यंत मिनिट्स काढ. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख पाहिजे." मी हजर होते, पण अर्धा वेळ लोकांना म्यूट-अनम्यूट करण्यातच गेला.

शेवटच्या स्लाइडवर "पुढील कामे" म्हणून नऊ ओळी आहेत. जबाबदारी: "अकाउंट्स टीम", "आयटी टीम", "सर्व ब्रँचेस". मुदत: सात ठिकाणी "लवकरात लवकर". ट्रान्सक्रिप्ट म्हणजे 50 पानांची खिचडी. त्या नऊ ओळीच उचलून तक्ता केला तर चालेल का?

---

दुपारचा_चहा | 6:20

"सर्व ब्रँचेस" जबाबदार म्हणजे कोणीच नाही. आमच्याकडे 2019 पासून एक काम "सर्व संबंधित" यांच्याकडे आहे. सर्व संबंधित अजून कामावर रुजू झालेले नाहीत.

---

कोडेकर | 6:41

सोपं आहे. pptx ही खरं तर झिप फाइल असते, ती उघडा. स्लाइडखाली बोलणाऱ्यासाठी लिहिलेल्या नोट्स आणि लपवलेल्या स्लाइड्स दोन्ही मिळतील. पीडीएफ मागवली असेल तर ती फेकून द्या. नोट्स वेगळ्या मागितल्याशिवाय पीडीएफमध्ये येत नाहीत.

```
unzip -o deck.pptx -d deck
ls deck/ppt/notesSlides
grep -l 'show="0"' deck/ppt/slides/*.xml
```

मग ट्रान्सक्रिप्टमध्ये कबुलीची क्रियापदं शोधा:

```
grep -n -B1 -E "करतो|करते|पाठवतो|पाठवते|देतो|देते|बघतो|बघते" webinar.vtt
```

जे निघेल ते तक्त्यात टाका. अर्ध्या तासाचं काम.

---

सोसायटीग्रस्त | 6:55

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा ऑनलाइन झाली. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, "लिफ्टबाबत सविस्तर चर्चा झाली." चर्चेत मी दोनदा उठून विरोध केला, त्याचा उल्लेख नाही. रेकॉर्डिंग मागितलं तर "डिलीट झालं". याला काही उपाय?

---

दुपारचा_चहा | 6:58

@सोसायटीग्रस्त, ऑनलाइन सभेत उठून विरोध केलात? कॅमेरा चालू होता ना?

---

वही_पेन | 7:34

मी कंपनी सेक्रेटरी म्हणून 30 वर्षं मिनिट्स लिहिली, आता निवृत्त आहे. पिंपळपान ताई, त्या नऊ ओळी उचलू नका. आणि कोडेकर म्हणतात तसं शोधून निघेल ते सगळंही टाकू नका.

स्लाइड वेबिनारच्या आधी तयार झालेली असते. कन्सल्टंट बाईंना काय व्हावंसं वाटत होतं, ते त्या नऊ ओळींत आहे. कोणी ते काम अंगावर घेतलं की नाही, हे फक्त ट्रान्सक्रिप्ट सांगेल. एखाद्या कामापुढे नाव लागायला माझी एकच कसोटी: त्या माणसानं ते आपल्या तोंडानं घेतलं, किंवा त्याच्या वरिष्ठानं त्याच्यादेखत त्याला दिलं आणि त्यानं नाही म्हटलं नाही. या दोन्हींपैकी काहीच नसेल तर नाव लिहायचं नाही. ते काम खाली वेगळ्या यादीत, "जबाबदारी ठरायची आहे" या शीर्षकाखाली.

मराठी बैठकीत सगळ्यात फसवा शब्द "आपण". "आपण ते करून घेऊ" असं कोणी म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं आणि काम कुणाचंच होत नाही. दुसरा "बघतो". "बघतो" हा होकार नव्हे, विचारून घ्यायची गोष्ट आहे.

माझी पद्धत अशी. आधी शेवटची 15-20 मिनिटं वाचते, कारण लोक प्रश्नोत्तरांतच कामं कबूल करतात. मग स्लाइडवरची एकेक ओळ घेऊन तिचं पुढं काय झालं ते शोधते: कोणी घेतली, बदलली, पुढं ढकलली, की कोणी बोललंच नाही. आणि शेवटी उलट बाजूनं, स्लाइडवर नसलेली पण बोलण्यात उगवलेली कामं शोधते. खरी महत्त्वाची बहुधा यातच सापडतात.

प्रश्नोत्तरं लिखित स्वरूपात आली असतील तर ती ट्रान्सक्रिप्टमध्ये नसतात. चॅट आणि प्रश्नांची यादी वेगळी उतरवून घ्या.

---

अलिप्त | 8:05

वही_पेन ताईंशी अंशतः असहमत. मी 12 जणांची टीम सांभाळतो. प्रत्येकानं तोंडानं घेईपर्यंत थांबलो तर कोणी काहीच घेणार नाही. वेबिनारमध्ये तर निम्मे लोक कॅमेरा बंद करून जेवत असतात. मिनिट्स काढणाऱ्यानं समंजसपणे नाव टाकावं आणि साहेबांनी सही करावी. ज्याला आक्षेप आहे तो बोलेल.

---

वही_पेन | 8:17

@अलिप्त, साहेबांनी नाव टाकलं तर तो साहेबांचा आदेश, त्याला ना नाही. पण मग तसं लिहा: "साहेबांनी 19 तारखेला नेमून दिलं." वेबिनारमध्ये ठरलं असं लिहिलंत तर जे घडलं नाही ते नोंदवलंत.

---

अलिप्त | 8:19

कागदावर फरक आहे, कामात नाही. असो.

---

पिंपळपान | 10:48

जेवून बसले. कोडेकरांची आज्ञा चालवली, 23 ओळी निघाल्या. त्यात "मी आता स्क्रीन शेअर करते" चार वेळा आणि "तुम्हाला ऐकू येतंय का बघतो" तीन वेळा. खऱ्या कबुल्या वाचून काढल्या तर सहाच. "आपण करू" चौदा वेळा आलंय, ताई!

नोट्स मात्र लाखमोलाच्या निघाल्या. एका नोटमध्ये बाईंनी स्वतःसाठी लिहिलंय: "जुनी मर्यादा, बोलताना दुरुस्त करणे." ही नोट सातव्या स्लाइडची. पण फाइलींमध्ये ती notesSlide5.xml नावानं होती, त्यामुळे आधी मी ती पाचव्या स्लाइडला जोडून बसले होते.

सातवी स्लाइड म्हणते: 30 दिवसांची अट 100 कोटींवरच्या करदात्यांना, 1 नोव्हेंबर 2023 पासून. आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये बाई म्हणतात, "शंभर नाही, आता सहा कोटी". आमची उलाढाल 40 कोटी. स्लाइड खरी धरली तर आम्हाला अट लागूच नाही आणि हा सगळा वेबिनार वाया!

---

कोडेकर | 10:56

हो, फाइलचा क्रमांक आणि दिसणाऱ्या स्लाइडचा क्रमांक जुळेलच असं नसतं, ते सांगायचं राहिलं. ज्या स्लाइडला नोट नाही तिची नोटची फाइलही नसते, त्यामुळे क्रमांक सरकतात. नोट कुठल्या स्लाइडची ते शेजारच्या _rels फोल्डरमध्ये असतं. किंवा सरळ पॉवरपॉइंटमध्ये उघडून बघा, तेच सोपं. माझी चूक.

---

करसवलत | 11:10

सहा नाही, दहा. 100 कोटींची अट 1 नोव्हेंबर 2023 पासून होती, ती बरोबर. 1 एप्रिल 2025 पासून तीच अट 10 कोटी आणि त्यावरच्या सगळ्यांना लागू होते. जीएसटी नेटवर्कची सूचना गेल्या नोव्हेंबरमध्ये आली आहे. 1 एप्रिलचं बिल 30 एप्रिलनंतर पोर्टल घेणार नाही, असं उदाहरणही त्यात आहे. बिलांसोबत क्रेडिट नोटा आणि डेबिट नोटाही त्यात येतात.

"दहा" आणि "सहा" यांची ट्रान्सक्रिप्ट नेहमीच गल्लत करतं. आकडा दिसला की ते मिनिट पुन्हा ऐकायचं.

---

पिंपळपान | 11:24

ऐकलं. "दहा"च म्हणाल्यात. मागं कोणाचा तरी कुकर वाजतोय.

आता ही गंमत बघा. नाशिक ब्रँचचे तिघं एकाच लॅपटॉपसमोर बसले होते: अकाउंटंट बाई, स्टोअरचे इन्चार्ज आणि डिस्पॅचचा मुलगा. ट्रान्सक्रिप्टमध्ये तिघांचं नाव एकच:

```
WEBVTT

00:41:07.220 --> 00:41:11.900
Nashik Branch: यादी परवा पाठवली

00:41:12.300 --> 00:41:15.040
Nashik Branch: नाही म्हणजे पाठवतो
```

विषय होता मार्चच्या आधीच्या, अजून पोर्टलवर न चढलेल्या क्रेडिट नोटांची यादी. ही यादी आली की बाकीच्या कामाला सुरुवात. परवा म्हणजे गेलं परवा की येतं परवा? आणि पाठवणार कोण? आवाज लांबून येतोय आणि चिरकतोय.

---

वही_पेन | 11:40

वा, छान नमुना आहे. दुसरी ओळ पहिलीची दुरुस्ती आहे, म्हणजे येतं परवा. 18 तारखेच्या मंगळवारी बोलले म्हणून गुरुवार 20 मार्च. मिनिट्समध्ये "परवा", "पुढच्या आठवड्यात", "महिनाअखेर" असलं काही ठेवू नका, तारीख आणि वार दोन्ही घाला. वार घातला की चुकीची तारीख लगेच डोळ्यांत भरते.

कोण, याचं उत्तर मराठीच देते. "पाठवतो" आहे, म्हणजे पुरुष. अकाउंटंट बाई असत्या तर "पाठवते" म्हणाल्या असत्या. इंग्रजी ट्रान्सक्रिप्टमध्ये ही सोय नाही. यादी मालाच्या परताव्याशी जोडलेली असेल तर स्टोअर इन्चार्ज.

---

दुपारचा_चहा | 11:43

व्याकरणाचा असा उपयोग शाळेत सांगितला असता तर मी पास झालो असतो.

---

रंकाळा | बुधवार, 19 मार्च, सकाळी 7:05

थांबा थांबा. ताई, तुमचं पुण्याचं व्याकरण नाशिकच्या ब्रँचला लावण्याआधी ती बाई कुठली ते विचारा. आमच्या कोल्हापुरात बायका "मी जातो", "मी करतो" असंच म्हणतात. माझी आई, बायको, बहीण, तिघी. माझ्या बहिणीच्या ट्रान्सक्रिप्टवरून कोणी माझ्या नावावर काम टाकलं तर मी कुठं जायचं?

---

वही_पेन | 7:31

हे लक्षात आलं नव्हतं. फोन करा, ताई. सही न झालेला कागद आहे तोवर फोन स्वस्त पडतो.

---

पिंपळपान | 10:20

फोन केला. अकाउंटंट बाई कागलच्या! लग्नानंतर नाशिकला आल्या. "मीच की, पाठवतो म्हणालो की मी." रंकाळा, तुम्हाला साष्टांग नमस्कार. नाहीतर स्टोअर इन्चार्जच्या नावावर काम गेलं असतं आणि ते शांतपणे शुक्रवारपर्यंत काहीच न करता बसले असते.

---

रंकाळा | 10:26

नमस्कार नको, तांबड्या रश्शाला या.

---

सोसायटीग्रस्त | 10:40

माझ्या लिफ्टचं काय?

---

करसवलत | 10:52

@सोसायटीग्रस्त, तुमचा आक्षेप लेखी देऊन पोच घ्या आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करताना तो मांडा. वेगळा धागा काढा, इथं लिफ्ट अडकेल.

पिंपळपान, मुदतींचं एक बघा. कायद्याची मुदत आणि तुमच्या माणसाची मुदत एकच नसते. बाई म्हणाल्या असतील "31 मार्चच्या आत जुन्या क्रेडिट नोटा चढवा." पण कॅलेंडर उघडा: 29 तारखेला शनिवार, 30 ला रविवार आणि गुढीपाडवा, 31 ला रमजान ईद. चार ब्रँचेस काम करणारा शेवटचा पक्का दिवस शुक्रवार 28. कुणाच्या मिनिट्समध्ये 31 लिहिलं असेल तर त्यांच्याकडे त्या तीन दिवसांत माणूस कोण, असा माझा प्रश्न आहे.

---

पिंपळपान | 11:08

अरे देवा. ईदचं माझ्या ध्यानातच नव्हतं.

---

अलिप्त | 11:15

मग 28 लिहा, पण बोलणं 31 चं आहे. वही_पेन ताईंच्या कसोटीनं तुम्हाला 31 च लिहावं लागेल, नाही का?

---

वही_पेन | 11:29

बरोबर अडवलंत. मी दोन रकाने करीन: "वेबिनारमध्ये सांगितलेली तारीख" 31 मार्च, आणि "प्रस्तावित अंतर्गत मुदत" 28 मार्च. ज्याच्यावर काम आहे त्यानं कळवलं की दुसरा रकाना पक्का. काहींना हा पसारा वाटतो. माझ्या एका जुन्या चेअरमनला तर एकही जास्तीचा रकाना खपायचा नाही.

आणि कन्सल्टंट बाई. त्यांनी काही पाठवायचं कबूल केलं असेल तर त्यांचं नाव लिहा, पण शेजारी पाठपुरावा करणारा तुमचा माणूस लिहा. बाहेरचा माणूस आपल्या तक्त्याला बांधील नसतो.

---

कोडेकर | 11:35

प्रत्येक ओळीशेजारी ट्रान्सक्रिप्टची वेळ टाका. 00:41:12 वगैरे. कोणी नाकारलं की लगेच दाखवता येईल.

---

अलिप्त | 11:42

पुरावा गोळा करताय असं वाटतं लोकांना. मी माझ्या टीमला असा तक्ता पाठवला तर दुसऱ्या दिवसापासून कोणी तोंड उघडणार नाही.

---

वही_पेन | 11:50

मी वेळा स्वतःच्या प्रतीत ठेवते, वाटायच्या प्रतीत नाही. पण कोडेकरांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. आणि वेळ टाकणार असाल तर लक्षात ठेवा, ट्रान्सक्रिप्टची घड्याळं रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून चालतात, वेबिनार सुरू झाल्यापासून नाही.

---

पिंपळपान | दुपारी 1:36

आमचं रेकॉर्डिंग सहा मिनिटं उशिरा सुरू झालं होतं. बरं झालं सांगितलंत.

केलं एकदाचं. स्लाइडच्या नऊ ओळींचं काय झालं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल:

तीन ओळींना बोलण्यात नाव मिळालं. दोन ओळी बाईंनीच "हे तुम्हाला लागू नाही" म्हणून उडवल्या, त्या मी "वगळल्या" म्हणून ठेवल्या, खोडल्या नाहीत. चारांवर कोणी अक्षर बोललं नाही, त्या "जबाबदारी ठरायची आहे" मध्ये. आणि स्लाइडवर कुठंच नसलेली तीन कामं प्रश्नोत्तरांत निघाली.

सगळ्यात नीट झालेली ओळ ही:

*काम:* मार्चपूर्वीच्या, पोर्टलवर न चढलेल्या क्रेडिट नोटांची यादी चाकण ऑफिसला ईमेलनं पाठवणे. *जबाबदारी:* अकाउंटंट, नाशिक ब्रँच (19 मार्चला फोनवर खात्री केली). *मुदत:* गुरुवार, 20 मार्च. *झालं असं केव्हा समजायचं:* यादीत नोटेचा क्रमांक, तारीख आणि रक्कम असेल तेव्हा.

त्याच्या पुढची ओळ: त्या नोटा पोर्टलवर चढवणे, सांगितलेली तारीख 31, प्रस्तावित शुक्रवार 28. जबाबदारी माझ्याच सीनिअरची, त्यांनी 00:58 ला "मी करून टाकतो" म्हटलंय. सीनिअर सांगलीचे आहेत, पण पुरुष आहेत, म्हणून काळजी नाही.

दहा कोटींची दुरुस्ती वर वेगळ्या ओळीत घातली: "स्लाइड 7 वरील मर्यादा जुनी आहे, वक्त्यांनी वेबिनारमध्ये दुरुस्त केली." बाईंना स्लाइड बदलून पाठवायला सांगितलं. पाठपुरावा मी करणार.

---

वही_पेन | 1:52

उत्तम. खाली एक ओळ घाला: "दुरुस्ती असल्यास शुक्रवार 21 मार्च, दुपारी 3 पर्यंत कळवावी." संचालक मंडळाच्या मिनिट्सचा मसुदा 15 दिवसांत पाठवून 7 दिवस अभिप्रायाला देतात. तुमची पहिली मुदतच उद्या आहे, म्हणून आजच पाठवा.

---

करसवलत | 2:05

"झालं असं केव्हा समजायचं" हा रकाना मी चोरतोय.

---

पिंपळपान | संध्याकाळी 5:40

साहेबांनी बघितलं. त्या चार बेवारस कामांपुढे पेनानं सरळ "सर्व ब्रँचेस" लिहिलं आणि परत दिलं.

---

दुपारचा_चहा | 5:44

सर्व संबंधितांचे धाकटे भाऊ.

---

वही_पेन | 6:02

चार कागद करा. प्रत्येकावर एकच काम, खाली चार ब्रँचेसची नावं आणि समोर एक रिकामी चौकट. "साहेब, यातल्या एकीवर टिक करा" म्हणा. टिक करताना माणूस विचार करतो. माझ्या चेअरमननं सुद्धा केला होता.

---

अलिप्त | 6:10

आणि गैरहजर ब्रँचवर टिक केली तर?

---

पिंपळपान | 6:31

तीच भीती आहे. छत्रपती संभाजीनगरची ब्रँच वेबिनारला आलीच नव्हती आणि साहेबांचा पेन तिकडेच वळतोय. उद्या कळवते. नाशिकची यादी मात्र आजच आली, एक दिवस आधी. सोबत ओळ: "पाठवली की. आता मला पाठवतो म्हणू देऊ नका."